बैठकीचं रेकॉर्डिंग, इतिवृत्ताचा मसुदा आणि 31 तारखेचा वाद

या प्रकरणातली संस्था, माणसं आणि त्यांची कामं ओळखू येणार नाहीत इतपत बदलली आहेत. घटनांचा क्रम आणि ध्वनिफितीत जे ऐकू आलं त्याचं स्वरूप मात्र तसंच ठेवलं आहे.

## पार्श्वभूमी

एका सेवाभावी संस्थेची सात जणांची कार्यकारी समिती आहे. सभासदांची नावं, पत्ते आणि वर्गणीच्या नोंदी ठेवण्यासाठी संस्था बरीच वर्षं एक जुनी संगणक प्रणाली वापरत होती. नवी प्रणाली तयार झाली होती आणि जुनी कधी बंद करायची हे ठरवायचं होतं. बैठक 8 तारखेला, बुधवारी झाली. अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष आणि आणखी एक सदस्य एका खोलीत बसले होते. तीन सदस्य ऑनलाइन होते आणि तांत्रिक काम पाहणाऱ्या ताईही निमंत्रित म्हणून ऑनलाइनच होत्या. विषयपत्रिकेवर पाच विषय होते. बैठक पावणेदोन तासांहून थोडी जास्त चालली.

रेकॉर्डिंग दोन झाली. एक ऑनलाइन बैठकीच्या सॉफ्टवेअरने केलं आणि त्यासोबत आपोआप तयार होणारा मजकूरही दिला. दुसरं सचिवांनी खबरदारी म्हणून फोनवर केलं. तो फोन टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, कोषाध्यक्षांसमोर होता. हे कुणी ठरवून केलं नव्हतं, पण पुढे त्याचाच उपयोग झाला.

इतिवृत्ताचा मसुदा कार्यालयातल्या एका सहकाऱ्याने लिहिला. तो बैठकीला हजर नव्हता. त्याला फक्त तो आपोआप तयार झालेला मजकूर दिला होता आणि 'यावरून काढ' असं सांगितलं होतं. त्याने दिलेल्या साहित्यातून प्रामाणिकपणे काम केलं. मसुद्यात नऊ निर्णय आणि चौदा कामं होती आणि भाषाही स्वच्छ होती.

## अडचण

मसुद्यातला दुसऱ्या विषयाखालचा निर्णय असा होता: 'जुनी प्रणाली 31 तारखेला बंद करावी, असे सर्वानुमते ठरले.' त्यावरून तांत्रिक बाजूने तयारी सुरू झाली. दोन दिवसांनी कोषाध्यक्षांचं सचिवांना पत्र आलं: 'वर्गणीच्या नोंदी ताडून झाल्या तरच बंद करायचं असं मी स्पष्ट म्हटलं होतं. सर्वानुमते हा शब्द मला मान्य नाही.' अध्यक्षांना अशी अट घातल्याचं आठवत नव्हतं. ऑनलाइन असलेल्या एका सदस्याला तर प्रणाली बंद न करता चालू ठेवायचं ठरल्याचं आठवत होतं.

एकाच बैठकीच्या तीन आठवणी. सचिवांनी दोन्ही ध्वनिफिती, आपोआप झालेला मजकूर आणि मसुदा माझ्याकडे दिला. 'नक्की काय ठरलं ते ऐकून सांगा,' एवढंच त्यांचं मागणं होतं.

## कोणते मार्ग समोर होते

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे कोषाध्यक्षांच्या पत्राप्रमाणे ओळ बदलून सुधारित मसुदा पाठवायचा. वाद तिथल्या तिथे मिटला असता. पण मग इतिवृत्त कुणाच्या तरी पत्रावर उभं राहतं, बैठकीवर नाही. उद्या दुसऱ्या सदस्याचं पत्र आलं तर काय करायचं?

दुसरा मार्ग, वादाची जागा शोधून तेवढीच ऐकायची. सचिवांच्या मनात हेच होतं. काम तासाभराचं झालं असतं.

तिसरा मार्ग म्हणजे सगळी बैठक शब्दशः उतरवून काढायची. अनेकांना हा सगळ्यात निर्धोक वाटतो, मला तो तसा वाटत नाही. शब्दशः उतारा हा इतिवृत्ताचा कच्चा माल आहे. 40-50 पानांच्या उताऱ्यातही निर्णय शोधावाच लागतो, आणि ती निवड करताना चूक व्हायची ती होतेच. शिवाय चार जण एकदम बोलतात तिथे उतारा लिहिणाराही अंदाजच करतो.

मी चौथा मार्ग निवडला. मसुद्यातला प्रत्येक निर्णय आणि प्रत्येक काम ध्वनिफितीवर ताडायचं, आणि मग मसुदा बाजूला ठेवून ध्वनिफीत सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा ऐकायची. पहिल्या फेरीत लिहिलेल्याला आधार आहे का ते कळतं. दुसऱ्या फेरीत लिहायचं राहून काय गेलं ते कळतं. वेळ वाचवायचा म्हणून नेहमी दुसरी फेरी गाळली जाते, आणि या प्रकरणाचं उत्तर नेमकं त्याच फेरीत मिळालं.

## आधी दोन ध्वनिफिती एका घड्याळावर आणल्या

मूळ फायलींना हात न लावता त्यांच्या प्रती घेतल्या. मग दोन्हींमध्ये ठळक ऐकू येणारं एकच वाक्य शोधलं. अध्यक्षांचं 'गणपूर्ती झालेली आहे, सुरू करूया' हे वाक्य सॉफ्टवेअरच्या फितीत 00:00:41 ला होतं, फोनच्या फितीत 00:04:01 ला. म्हणजे फोन 3 मिनिटं 20 सेकंद पुढे. शेवटच्या आभाराच्या वाक्यावर पुन्हा ताडलं तेव्हा फरक 3 मिनिटं 21 सेकंद निघाला. दोन उपकरणांची घड्याळं अगदी एकसारखी चालत नाहीत, त्यामुळे असा थोडा फरक पडतोच. एका सेकंदाने इथे काही बिघडत नव्हतं.

या पायरीला महत्त्व एवढ्याचसाठी की नंतरच्या प्रत्येक नोंदीपुढे वेळ लिहायची असते. ती कोणत्या फितीतली हे ठरलेलं नसेल, तर तपासणारा चुकीच्या जागी जातो आणि 'इथे तर असं काही नाही' म्हणून परत येतो. सगळ्या वेळा सॉफ्टवेअरच्या फितीप्रमाणे लिहायच्या असं ठरवलं आणि तक्त्याच्या डोक्यावर तसं नोंदवून ठेवलं.

मग आवाजांची ओळख. आपोआप तयार झालेल्या मजकुरात खोलीतले चारही जण सचिवांच्याच नावाने दिसत होते, कारण खोलीतला लॅपटॉप त्यांच्या खात्यावर चालू होता. सॉफ्टवेअर खात्याचं नाव लावतं, माणसाचं नाही. म्हणून प्रत्येकाला कुणीतरी नावाने हाक मारली आणि त्याने उत्तर दिलं अशी एकेक जागा काढली आणि तिची वेळ लिहून ठेवली. पुढे आवाजाबद्दल शंका आली की त्या जागेशी ताडायचं.

## पहिली फेरी: मसुद्याकडून ध्वनिफितीकडे

तक्त्यात पाच रकाने होते: मसुद्यातली ओळ, वेळ, बोलणारा, त्याचे नेमके शब्द आणि शेरा. शेरे तीनच ठेवले: जुळतं, अंशतः जुळतं, आधार सापडला नाही. 'बहुतेक जुळतं' असा शेरा मी ठेवत नाही, कारण शंकेच्या सगळ्या ओळी तिथे जाऊन बसतात.

वादाची ओळ 00:47 च्या सुमारास होती. सॉफ्टवेअरच्या फितीत अध्यक्ष म्हणतात, 'मग 31 ला जुनं बंद करूया, चालेल ना सगळ्यांना?' त्यावर दोन-तीन आवाजांत 'चालेल, चालेल' येतं आणि लगेच अध्यक्षांचं पुढचं वाक्य सुरू होतं. एवढ्यावर मसुदा बरोबर ठरला असता. पण लॅपटॉपच्या माइकपासून लांब बसलेल्या माणसाचा आवाज या फितीत आधीच पुसट येत होता. आजूबाजूचा गोंगाट कमी करणारी सोय लांबून आलेलं हळू बोलणंही गोंगाट समजून दाबून टाकू शकते, खासकरून त्याच वेळी जवळचं कुणी मोठ्याने बोलत असेल तर. म्हणून फोनच्या फितीतला तेवढा तुकडा काढून ऐकला:

```
ffmpeg -ss 00:50:20 -i baithak-phone.m4a -t 40 tukda-02.wav
```

ही आज्ञा फोनच्या फितीतल्या 50 मिनिटं 20 सेकंदांपासून 40 सेकंदांचा तुकडा वेगळ्या फायलीत काढते. मूळ फाइल तशीच राहते. शंकेच्या जागेआधीची किमान 10 सेकंदं तुकड्यात घ्यावीत, नाहीतर बोलणं कशाबद्दल चाललंय तेच कळत नाही.

तुकड्यात कोषाध्यक्ष स्पष्ट ऐकू आले: 'चालेल, पण नोंदी ताडून झाल्या तरच. वर्गणीचं नंतर निस्तरत बसायला नको.' त्यांचं दुसरं वाक्य अध्यक्षांच्या पुढच्या वाक्याखाली दबलं होतं. म्हणजे कोषाध्यक्षांनी अट मांडली होती हे खरं, आणि अध्यक्षांनी ती ऐकलीच नव्हती हेही खरं.

इथे पहिला खरा निर्णय घ्यायचा होता. 'नोंदी ताडून झाल्यावर बंद करावी असे ठरले' असं लिहायचं का? मला ते योग्य वाटलं नाही. अटीवर कुणी काही बोललं नाही, कुणी ती मान्यही केली नाही. एका सदस्याने अट मांडणं आणि समितीने ती स्वीकारणं यात फरक आहे, आणि तो मिटवायचा अधिकार इतिवृत्त लिहिणाऱ्याला नाही. तूर्त तक्त्यात 'अंशतः जुळतं' असा शेरा दिला आणि पुढे गेलो.

कामांच्या यादीत एक ओळ होती: 'नोंदी ताडणे. जबाबदारी: सचिव. मुदत: पुढचा शुक्रवार.' ध्वनिफितीत या जागी 'मी बघतो' असं ऐकू येतं, पण आवाज सचिवांचा नाही. खोलीतल्या चौथ्या सदस्याचा आहे. शिवाय वाक्य तिथे संपत नाही. ते असं आहे: 'मी बघतो कुणाला जमतंय ते, पुढच्या शुक्रवारपर्यंत सांगतो.' म्हणजे माणूस चुकला आणि कामही चुकलं. त्यांनी नोंदी ताडायचं कबूल केलं नव्हतं, ताडणारा माणूस शोधायचं कबूल केलं होतं. खुद्द नोंदी ताडायचं काम कुणाकडेच नव्हतं. आपल्याकडच्या बैठकांत 'बघतो', 'करून टाकू', 'होऊन जाईल' ही उत्तरं सतत येतात. तिथे थांबून पुढचं-मागचं वाक्य ऐकल्याशिवाय त्यापुढे कुणाचं नाव लिहू नये.

'पुढचा शुक्रवार' हेही तसंच लिहून चालत नाही. बैठक बुधवारी 8 तारखेला होती. कुणी 10 तारीख समजेल, कुणी 17. ध्वनिफितीत यावर आणखी काही सापडलं नाही, तेव्हा अंदाज न करता त्या सदस्यांना विचारलं. ते म्हणाले 17. मसुद्यात '17 तारखेपर्यंत (बैठकीनंतर सदस्यांना विचारून)' असं लिहिलं. ऐकून लिहिलेलं आणि विचारून लिहिलेलं वेगळं दिसायला हवं.

आणखी एक ओळ अशी होती की पुढची बैठक 5 तारखेला. तिला कुठेच आधार सापडला नाही. चौकशी केल्यावर कळलं की ती तारीख नंतर संदेशातून ठरली होती. ती निर्णयांतून काढून शेवटी 'बैठकीनंतर कळवण्यात आले' अशी टीप केली. बाकीच्या बहुतेक ओळी जुळल्या.

## दुसरी फेरी: ध्वनिफितीकडून मसुद्याकडे

आता मसुदा बंद करून ठेवला आणि फीत सव्वापट वेगाने पहिल्यापासून ऐकली. VLC मध्ये ] ने वेग थोडा वाढतो, [ ने कमी होतो. याहून जास्त वेग या कामात नको, कारण आपल्या वाक्यातला नकार शेवटी येतो आणि तिथेच बोलणाऱ्याचा आवाज खाली गेलेला असतो. ऐकताना चर्चा लिहायची नाही. कुणी काही ठरवतंय, स्वीकारतंय, नाकारतंय किंवा आधीचं बदलतंय असं वाटलं की फक्त वेळ टिपायची. कुणी आलं-गेलं तर तेही.

01:20 च्या आसपास खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि कोषाध्यक्ष म्हणाले, 'सर, मी निघतो आता, बाकीचं तुम्ही करा.' मसुद्यात त्यांच्या जाण्याची नोंद नव्हती.

01:31 ला पाचवा विषय चालू होता, वार्षिक सभेच्या सूचना पाठवण्याचा. सूचना कोणत्या यादीवरून पाठवायच्या यावरून तांत्रिक काम पाहणाऱ्या ताई म्हणाल्या की नोंदी ताडायला सुरुवात झाल्यावर दोन आठवडे लागतील. त्यावर अध्यक्ष म्हणाले, 'मग जुनं आपण तोपर्यंत चालूच ठेवू. फक्त नवीन नोंदी तिथं करायच्या नाहीत.' एक ऑनलाइन सदस्य म्हणाले, 'हो, तसंच करू.' सचिव म्हणाले, 'ठीक आहे, लिहून घेतो.' विरोध कुणाचाच नव्हता.

31 तारखेचा निर्णय इथे बदलला होता. मसुद्यात तो का आला नाही हे मजकूर पाहिल्यावर कळलं. तिथे वाक्य असं उतरलं होतं: 'फक्त नवीन नोंदी तिथं करायच्या.' शेवटचा 'नाहीत' गेला होता. तसं वाचलं की ते नव्या प्रणालीबद्दलचं साधं बोलणं वाटतं. शिवाय ते वार्षिक सभेच्या विषयाखाली होतं. जुनी प्रणाली बंद करण्याचा निर्णय शोधणारा माणूस तिथे कशाला थांबेल?

तीन आठवणींचा उलगडाही इथेच झाला. अध्यक्षांना 00:47 ची सहमती आठवत होती, कोषाध्यक्षांना त्याच जागची स्वतःची अट, आणि ऑनलाइन सदस्यांना 01:31. कोषाध्यक्ष तेव्हा खोलीत नव्हते, म्हणून त्यांच्या पत्रात त्याचा उल्लेख नव्हता. फक्त वादाची जागा ऐकली असती, तर कोषाध्यक्ष बरोबर होते एवढं सांगून मी फीत परत केली असती आणि अंतिम निर्णय बाहेरच राहिला असता.

याच फेरीत एका ऑनलाइन सदस्याचं 'चॅटमध्ये टाकलंय, तेवढं घ्या' हे वाक्य मिळालं. चॅट जतन झालं नव्हतं. त्यांच्याकडून मजकूर पुन्हा मागवला. ते एक सुटलेलं काम होतं.

## लिहायचं कसं

अंतिम निर्णय कळला तरी प्रश्न उरला की 00:47 ची सहमती इतिवृत्तात ठेवायची का. त्याच बैठकीत बदललेला निर्णय सहसा गाळला जातो आणि शेवटचाच लिहिला जातो. इथे मात्र पहिल्या मसुद्यावरून काम सुरू झालं होतं. ते का थांबलं हे कागदावर दिसणं गरजेचं होतं. सचिवांशी बोलून दुसऱ्या विषयाखाली असं लिहिलं:

'जुनी प्रणाली 31 तारखेला बंद करण्यास प्रथम सहमती झाली. नोंदी ताडून झाल्यावरच बंद करावी, अशी अट कोषाध्यक्षांनी मांडली. तिच्यावर त्या वेळी चर्चा झाली नाही. पुढे विषय 5 च्या चर्चेत, नोंदी ताडून होईपर्यंत जुनी प्रणाली चालू ठेवावी, मात्र तिच्यात नवीन नोंदी करू नयेत, असे ठरले. (कोषाध्यक्ष त्यापूर्वी बैठकीतून गेले होते.)'

'सर्वानुमते' हा शब्द काढला. मत कुणी मोजलं नव्हतं आणि शांतता म्हणजे मत नव्हे. कामांच्या यादीत 'नोंदी ताडणे' यापुढे नावाच्या जागी 'नेमणूक बाकी' असं लिहिलं. हे वाचायला बरं दिसत नाही, पण खरं तेच होतं.

## पुढे काय झालं

प्रणाली बंद करण्याची तयारी वेळेत थांबवली. सुधारित मसुदा सगळ्यांना पाठवताना बदललेल्या ओळींपुढे ध्वनिफितीतली वेळ दिली होती. तुकडे ई-मेलने पाठवायला एका सदस्याने हरकत घेतली. बैठक रेकॉर्ड करायला त्यांनी संमती दिली होती, आवाज वाटायला नाही. हरकत रास्त होती. म्हणून ज्यांना ऐकायचं होतं त्यांनी कार्यालयात येऊन ऐकलं. कोषाध्यक्ष आले, दोन्ही जागा ऐकल्या आणि '01:31 चं मला माहीतच नव्हतं' म्हणाले.

पुढच्या बैठकीत इतिवृत्त वाचून कायम झालं. चौथ्या सदस्यांनी शोधलेल्या माणसाकडे नोंदी ताडायचं काम तिथेच दिलं गेलं. 17 तारखेनंतर दोन आठवडे धरले तरी 31 तारखेला ते जेमतेम पूर्ण झालं असतं, हेही तिथेच सगळ्यांच्या लक्षात आलं. रेकॉर्डिंग किती दिवस ठेवायचं यावर मात्र एकमत झालं नाही. इतिवृत्त कायम झालं की पुसावं असं काहींचं म्हणणं, वर्षभर ठेवावं असं काहींचं. तो विषय पुढे गेला.

## काय वेगळं करता येईल

दोन फेऱ्यांचा क्रम उलटा असावा. आधी मसुदा न पाहता पूर्ण फीत ऐकावी, मग ओळी ताडाव्यात. मसुदा आधी वाचला की कान त्यातलीच वाक्यं शोधतो. या बैठकीत 01:31 ची जागा ठळक होती म्हणून सापडली; जरा दबकी असती तर सुटलीही असती. मसुदा दुसऱ्याने लिहिलेला असेल, तर हा क्रम पाळणं सोपंही जातं.

बैठकीतच करायच्या गोष्टी दोन आहेत. विषय संपताना अध्यक्षांनी ठरलेलं एका वाक्यात, नाव आणि तारखेसह, मोठ्याने म्हणावं. आणि आधीचा निर्णय बदलत असेल तर 'विषय 2 मधलं आपण बदलतोय' असं म्हणावं. कोषाध्यक्षांची अट तेव्हाच पुढे आली असती. दुसरं म्हणजे रेकॉर्डिंगचा फोन माइकपासून लांब बसणाऱ्यांच्या बाजूला मुद्दाम ठेवावा, आणि फोन चालू केल्यावर नाव, तारीख बोलून एक टाळी वाजवावी. मग दोन फिती जुळवायला वाक्यं शोधत बसावं लागत नाही.

प्रत्येक बैठकीसाठी एवढी तपासणी करावी का, असं सचिवांनी विचारलं. ऐकणं, ताडणं, विचारून घेणं धरलं तर बैठकीच्या लांबीच्या दुप्पट-तिप्पट वेळ जातो, आणि दरमहा तो कुणाकडे नसतो. मी त्यांना असं सुचवलं की पूर्ण फीत एकदा ऐकणं कायम ठेवा. ओळीनिहाय ताडणी मात्र पैसा, मुदत किंवा परत फिरवता न येणारं काम ज्यात आहे तेवढ्याच निर्णयांची करा. प्रणाली बंद करणं त्यात येतं, चहाची वेळ बदलणं येत नाही. त्यांनी ते दोन बैठकांपुरतं करून पाहायचं ठरवलं आहे.